एकोणसाठावा नग आणि साठावा नग

(हे या आठवड्याच्या भागाचं लेखी रूप आहे. बोलताना आकडे पटापट निघून जातात, म्हणून इथे ते जरा सावकाश मांडलेत. मामांच्या आणि आण्णांच्या परवानगीनेच त्यांचं बोलणं घेतलंय.)

आजचा विषय तसा माझ्या कामाचा नाही. मी सॉफ्टवेअरवाला. पण कोडोलीत माझ्या मामांचं छोटं मशीन शॉप आहे. तीन सीएनसी लेथ, एक ड्रिल मशीन आणि पाच-सहा माणसं. शिरोलीकडून टेम्पोतून बिडाची कास्टिंग येतात, इथे त्यांचं मशीनिंग होतं आणि पुन्हा टेम्पोतून परत जातात. जॉबवर्क. कोल्हापूर भागात असे शेड किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको.

गेल्या वर्षी मामा म्हणाले, "भाच्या, हजेरीवर पगार देऊन परवडंना झालंय. नगावर पगार करायचा हाय. जास्त काढंल त्याला जास्त. तेवढं कॉम्प्युटरवर बसवून दे." त्यांनी कागदावर नियम लिहून दिला आणि मी अर्ध्या तासात शीट बनवली. नियम असा: शिफ्टला साठ नग हे ठरलेलं काम. साठपेक्षा कमी निघाले तर नगाला १० रुपये. साठ किंवा जास्त निघाले तर सगळ्याच नगांना १३ रुपये. दिवसाला ६०० रुपये मात्र काही झालं तरी मिळणार. (आकडे हिशोब सोपा जावा म्हणून गोल केलेत, पण प्रमाण खरं आहे.)

दीड महिन्याने रात्री आण्णांचा फोन आला. आण्णा तिथले सगळ्यात जुने ऑपरेटर. म्हणाले, "दादा, तुमच्या कॉम्प्युटरला इचारा जरा. काल माझं एकोणसाठ भरलं, सहाशे मिळालं. परवा साठ भरलं तर सातशे ऐंशी. एका नगाला एकशे ऐंशी रुपये हुत्यात व्हय?"

शीट तपासली. शीट बरोबर होती. चूक नियमात होती. आणि ही चूक सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे.

हा नियम आला कुठून

नगावर मजुरी आपल्याला नवीन नाही. इचलकरंजीत यंत्रमागावरचा कामगार मीटरवर पैसे घेतो. तिथला दर कापडाच्या पिकावर ठरतो, म्हणजे एका इंचात आडवे धागे किती यावर. बावन्न पिकाचा दर हा पाया धरतात आणि त्यावरून बाकीचे काढतात. पण तो सरळ दर आहे. पहिल्या मीटरला जेवढे, शंभराव्या मीटरला तेवढेच. ऊसतोडीचंही तसंच, टनाला अमुक.

मामांच्या कागदावर होता तो डिफरन्शियल पीस रेट. म्हणजे ठरलेल्या कामाच्या अलीकडे एक दर आणि पलीकडे दुसरा, जास्तीचा. तो मांडला फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनिअरने. फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल स्टील कंपनीत त्याने तो वापरला आणि १८९५ साली मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे त्यावर निबंध वाचला. त्या निबंधातलं उदाहरण लेथचंच आहे, म्हणून आपल्याला चपखल बसतं.

मिडव्हेलमध्ये एक फोर्जिंग टर्न करायचं काम होतं. जुन्या पद्धतीत नगाला ५० सेंट आणि दिवसाला चार-पाच नग. टेलरने काम तपासून दिवसाला दहा नग ठरवले. दहा चांगले नग निघाले तर नगाला ३५ सेंट, कमी निघाले तर २५. मग त्याने खर्च मांडला. आधी कामगाराला दिवसाला अडीच डॉलर जायचे आणि मशीनचा खर्च ३.३७ डॉलर. एकूण ५.८७ डॉलरात पाच नग, म्हणजे नगाला १.१७ डॉलर. नंतर कामगाराला साडेतीन डॉलर गेले, मशीनचा खर्च तेवढाच राहिला. एकूण ६.८७ डॉलरात दहा नग, म्हणजे नगाला ६९ सेंट.

इथे थोडं थांबा. कामगाराची दिवसाची कमाई एका डॉलरने वाढली आणि तरीही नग स्वस्त पडला. कारण मोठा खर्च मजुरीचा नव्हता, मशीनचा होता. तो पाच नगांवर वाटला जात होता, तो दहांवर वाटला गेला.

मामांच्या शेडमध्ये हेच कसं दिसतं

आता कोडोलीला येऊ. एका लेथचा शिफ्टचा खर्च आम्ही १८०० रुपये धरला. त्यात कर्जाचा हप्ता, वीज, शेडचं भाडं आणि देखभाल आली. हजेरीच्या काळात माणसाला ६०० रुपये जायचे आणि सरासरी ४८ नग निघायचे. म्हणजे नगाला मजुरी साडेबारा रुपये, मशीन साडेसदतीस, एकूण पन्नास.

साठ नग निघाले तर मशीनचा वाटा थेट तीस रुपयांवर येतो. म्हणजे नगामागे साडेसात रुपये वाचले. त्यातला थोडा भाग कामगाराला दिला तरी मालकाचा फायदाच. जास्त दर देणं परवडतं ते एवढ्यासाठी. मजुरी वाढवून मजुरी स्वस्त होत नाही, मशीनचा रिकामा वेळ कमी होतो.

पण साठ हा आकडा आला कुठून? तो अंदाजाने टाकला की पुढचं सगळं बिघडतं. आम्ही वेळ मोजली. आठ तासांच्या शिफ्टमधून जेवण, सफाई, सेटिंग वजा करून ४२० मिनिटं उरतात. एका नगाला मशीन पाच मिनिटं कापतं. जुना नग काढणं, नवा चकमध्ये बांधणं, बोअर गेजने तपासणं यात दोन मिनिटं. सात मिनिटांना एक नग, म्हणून साठ.

या सातमधली पाच मिनिटं कामगाराच्या हातात नाहीतच. ती प्रोग्रॅम ठरवतो. माणूस कितीही चपळ असला तरी दोनाचं एक मिनिट करेल. मग सहा मिनिटांना एक नग, म्हणजे सत्तर. त्यापुढे जात नाही. कोणी पंच्याऐंशी दाखवले तर समजायचं की तपासणी होत नाहीये, किंवा कोणीतरी पॅनलवर फीड वाढवलाय.

एकशे ऐंशी रुपयांचा कडा

आता आण्णांचा प्रश्न. टेलरच्या पद्धतीत जास्तीचा दर *सगळ्या* नगांना लागू होतो. त्यामुळे एकोणसाठ आणि साठ यांच्यामध्ये कडा तयार होतो. एकोणसाठला ५९० होतात, पण खालची हमी ६०० म्हणून ६०० मिळतात. साठला ७८०.

कामगाराच्या बाजूने हे अन्यायाचं आहे हे लगेच दिसतं. मला धक्का बसला तो मालकाच्या बाजूचा हिशोब केल्यावर. एकोणसाठ नगांना एकूण खर्च २४०० रुपये, म्हणजे नगाला ४०.६८. साठ नगांना २५८०, म्हणजे नगाला ४३. शेवटचा एक नग निघाला की प्रत्येक नग सव्वादोन रुपयांनी महाग! म्हणजे या नियमात मालकाचा फायदा कामगार *एका नगाने चुकण्यात* आहे. मामा तसले नाहीत. पण संध्याकाळी नग तपासणारा माणूस ज्या शेडमध्ये मालकाच्या मर्जीतला असेल, तिथे साठावा नग कुठल्या बाजूला पडेल ते सांगायला ज्योतिषी नको.

कामगारही गप्प बसत नाही. मी दीड महिन्याच्या नोंदी काढल्या तर एक गंमत दिसली. सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ असे आकडे जवळजवळ नव्हतेच. एक तर बावन्नच्या आत, नाहीतर बरोबर साठ किंवा एकसष्ट. साठावर नुसता ढीग. खरं काम असं कधीच भरत नाही, थोडं वर थोडं खाली होतंच. आण्णांना विचारलं तर हसले. "पन्नासच हुणार असं दुपारी कळलं की माणूस हात सैल सोडतोय. आन् त्रेसष्ट झालं की तीन खोक्यात ठेवतोय. उद्याची सोय."

कुठल्याही नगावरच्या पगारात कडा आहे का, हे ओळखायची ही खूण. हजेरीवही घ्या आणि ठरलेल्या आकड्यावर ढीग व त्याच्या जरा खाली खड्डा दिसतो का बघा.

कडा काढून पायरी

उपाय अवघड नव्हता. जास्तीचा दर सगळ्या नगांना न देता फक्त साठच्या पुढच्या नगांना द्यायचा. आयकराच्या स्लॅबसारखं. आम्ही साठपर्यंत १२ रुपये आणि पुढच्या प्रत्येक नगाला १६ ठरवले.

एकोणसाठला ७०८, साठला ७२०, एकसष्टला ७३६, सत्तरला ८८०. कुठेच उडी नाही. मालकाच्या बाजूने बघा. साठला नगाचा एकूण खर्च ४२ रुपये, एकसष्टला ४१.५७, सत्तरला ३८.२९. प्रत्येक जास्तीच्या नगाबरोबर खर्च खालीच येतो. म्हणजे दोघांचं हित एकाच दिशेला.

मजुरी तेवढी वेगळी काढून बघितली तर ती नगाला १२ वरून १२.५७ वर जाते. मामांचे हिशोबनीस नेमकं तेच बोट ठेवून म्हणाले, "लेबर कॉस्ट वाढली की!" वाढली, सत्तावन्न पैशांनी. त्याच वेळी मशीनचा वाटा तीस रुपयांवरून २५.७१ वर आला. सव्वाचार रुपये वाचवायला सत्तावन्न पैसे गेले. मजुरीचा रकाना एकटा वाचला तर ही योजना नेहमी तोट्यातलीच दिसणार.

दुसरी दुरुस्ती लाईटची. लाईट गेली, किंवा टेम्पो उशिरा आला आणि कास्टिंगच नाहीत, तर साठचा आकडा धरून बसणं चूक. बंद मिनिटं वजा करून ठरलेलं काम त्या दिवसापुरतं कमी करायचं. शेवटी शीटमधला हिशोब एवढाच उरला:

```python
def pagar(ok_nag, band_min):
    std = (420 - band_min) // 7
    mul = min(ok_nag, std) * 12
    jast = max(ok_nag - std, 0) * 16
    return max(mul + jast, 600)
```

सत्तर मिनिटं लाईट नसेल तर ठरलेलं काम पन्नास. त्या दिवशी पंचावन्न काढले तर पन्नासचे ६०० आणि पुढच्या पाचचे ८०, एकूण ६८०. बंद मिनिटं कामगाराने सांगायची नाहीत आणि मामांनीही नाही. ती आम्ही मशीनच्या पॅनलवरच्या नोंदीतून घेतो, म्हणजे वाद नको.

शेवटच्या ओळीतली ६०० ची हमी ही मेहेरबानी नव्हे. ज्या कामाला वेळेवरचं किमान वेतन ठरलेलं आहे, तिथे नगावर पगार दिला तरी त्याखाली जाता येत नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या सतराव्या कलमात हे होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते तत्त्व कायम आहे. तुमच्याकडे हा आकडा तुमच्या कामाच्या किमान वेतनाखाली नाही ना, ते आधी बघा.

कुठे हे सगळं फसतं

तीन ठिकाणी. तिन्ही आम्ही बघितली.

पहिलं, रिजेक्शन. एका नगाला जॉबवर्कचे ५५ रुपये मिळतात. इन्सर्ट, कूलंट वगैरेचे सहा गेले की ४९. जास्तीच्या नगाला कामगाराचे १६ दिले की मालकाकडे ३३ उरतात. दहा जास्तीचे नग म्हणजे ३३०. पण एक बोअर मोठा झाला की कास्टिंगचे २८० रुपये बिलातून कापले जातात, वर त्या नगाचे ५५ मिळत नाहीतच. ३३५! म्हणजे घाईत एक नग गेला की दहा नगांची कमाई पाण्यात. म्हणून पैसे फक्त चांगल्या नगाला. टेलरच्या जास्तीच्या दरालाही माल चांगला असण्याची अट होती.

पण इथेच दुसऱ्या बाजूने अन्याय व्हायचा. कापताना आत ब्लो होल निघालं तर तो दोष फाउंड्रीचा, कामगाराचा नाही. शेडच्या भाषेत सीआर आणि एमआर, कास्टिंग रिजेक्शन आणि मशीनिंग रिजेक्शन. सीआर नगावर कामगाराची सात मिनिटं गेलेलीच असतात, म्हणून तो पगारासाठी चांगला धरायचा. आधी मामा दोन्ही एकत्र कापत होते. तेव्हा कामगार ब्लो होल दिसलं तरी गुपचूप नग पुढे ढकलायचे. वेगळं केल्यावर सांगू लागले.

दुसरं, ऑर्डर. मशीनचा वाटा कमी होतो तो जास्तीचा माल विकला गेला तरच. समजा महिन्याची ऑर्डर दीड हजार नगांचीच आहे. रोज साठ काढले तर पंचवीस दिवस लागतात आणि मजुरी १८,००० होते. रोज सत्तर काढले तर साडेएकवीस दिवसांत काम संपतं, मजुरी साधारण १८,८५७. उरलेले साडेतीन दिवस लेथ रिकामा, पण हप्ता चालूच आणि माणसाला रोजचे ६०० द्यायचेच. म्हणजे आणखी २,१०० च्या आसपास. एकूण एकवीस हजार मजुरी, त्याच दीड हजार नगांना. पावसाळ्यात मामांचं तसंच झालं. जास्तीचा दर हा ऑर्डर तुंबलेली असताना कामाचा. ऑर्डर मोजकी असेल तर तो नुसता खर्च वाढवतो.

तिसरं ठिकाण सगळ्यात नाजूक. स्लॅब लागू झाल्यावर दोन महिन्यांत दोघे जण नेमाने अडुसष्ट-सत्तर काढू लागले. मामांनी मला फोन केला. "भाच्या, साठ लईच कमी धरलेलं दिसतंय. अडुसष्ट कर."

मी शीट उघडली होती. आकडा बदलायला दोन सेकंद लागले असते. पण आण्णांचं पहिल्याच दिवशीचं वाक्य आठवलं: "आज सत्तर काढलं की उद्या साठाचं सत्तर हुतंय, मग काढायचंच कशाला?" टेलरने नेमकं हेच कारण दिलं होतं. कामगार मुद्दाम हळू काम करतात, कारण जास्त काढलं की मालक दर कापतो हे त्यांनी बघितलेलं असतं. मिडव्हेलच्या त्या फोर्जिंगचा दर वर्षानुवर्षं कापला नाही, हे त्याने निबंधात आवर्जून सांगितलंय. कड्याच्या बाबतीत टेलर मला पटत नाही, पण इथे त्याचं म्हणणं पटतं.

मामांना मी दोन आकडे दाखवले. अडुसष्ट केल्यावर सत्तर नगांना पगार होतो ८४८, आत्ता ८८०. वाचतात ३२ रुपये. आणि माणसं चिडून साठावर आली, तर नगाचा खर्च ३८.२९ वरून ४२ वर जातो. साठ नगांवर दिवसाला सव्वादोनशे रुपये. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे मग साठच."

पण साठ कायमचा असंही नाही. नंतर मी आणि मामांनी प्रोग्रॅम बघितला, टूल बराच वेळ हवेतच फिरत होता. ते काढल्यावर कापायचा वेळ पाचवरून चार मिनिटं झाला. आता सहा मिनिटांना एक नग, म्हणून ठरलेलं काम सत्तर. हे बदलणं रास्त होतं, कारण पद्धत बदलली, माणसाचा घाम नाही. साठ नगांचे ७२० मिळायचे, ते सत्तरला कमी पडू नयेत म्हणून १२ चा दर तोच ठेवला. सत्तरला ८४० होतात. त्यापुढच्या नगाला १६.

एवढा नियम आम्ही शेडमध्ये फळ्यावर लिहून ठेवलाय: पद्धत बदलली तरच आकडा बदलेल, आणि बदलला तर तारीख आणि कारण खाली लिहिलं जाईल. खाली आत्तापर्यंत एकच ओळ आहे.

परवा आण्णांचा पुन्हा फोन आला. म्हटलं, आता काय चुकलं? म्हणाले, "काय न्हाई. आज एकोणसत्तर भरलं. आठशे अठ्ठावीस. बराबर हाय न्हवं?"

६९ गुणिले १२. बरोबर होतं.

(भाग आवडला तर ज्यांच्याकडे नगावर काम चालतं त्यांना पाठवा. तुमच्याकडच्या दराचा नियम कळवलात तर पुढच्या भागात तोही मांडून बघू. भेटू पुढच्या आठवड्यात.)